भिंतीवरचा सोप डिस्पेन्सर की काउंटरवरचा पंप? आधी शेवटचा थेंब कुठे पडतो ते बघा

बेसिनजवळ हँडवॉश कसा ठेवायचा यावर लोक दिसण्यावरून भांडतात, कुणाला भिंतीवरचा चकचकीत स्टीलचा डबा आवडतो, कुणाला काउंटरवरची सिरॅमिकची बाटली. पण घेतल्यावर दोन-तीन महिन्यांनी जी कटकट सुरू होते ती सगळी एकाच गोष्टीतून येते, ती म्हणजे हात बाजूला गेल्यावर नोझलमधून पडणारा शेवटचा थेंब. तो बेसिनमध्ये पडला तर पुढच्या वेळी नळ सोडला की वाहून जातो, विषय संपला. काउंटरवर पडला तर तिथे चिकट थर जमतो, त्यावर धूळ, केस, टूथपेस्टचे शिंतोडे बसतात, बाटलीचं बूड त्यातच भिजत राहतं, आणि बूड स्टीलचं असेल तर खाली तपकिरी वर्तुळ उमटतं. म्हणून मी निवड याच थेंबापासून सुरू करतो, बाकी रंग-डिझाइन नंतर.

पहिली पायरी: टेप घ्या आणि दोन मापं घ्या

भिंतीवरचा डिस्पेन्सर लावायचा असेल तर भिंतीपासून बेसिनच्या खड्ड्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. बेसिनची बाहेरची कड नाही, आतली, जिथून उतार चालू होतो ती. मग जो डिस्पेन्सर आवडलाय त्याचं नोझल भिंतीपासून किती पुढे येतं ते बघा. घरगुती मॉडेलमध्ये ते साधारण ८ ते १० सेंमी असतं, काहींचं त्याहूनही कमी. आता तुमच्या बेसिनची आतली कड भिंतीपासून १४ सेंमीवर असेल तर सरळ हिशोब आहे, प्रत्येक थेंब काउंटरवर किंवा बेसिनच्या मागच्या सपाट पट्टीवर पडणार, कितीही महागाचा डिस्पेन्सर आणा. अशा ठिकाणी मागच्या भिंतीचा नाद सोडा. बेसिन कोपऱ्यात असेल तर बाजूची भिंत बघा, ती बऱ्याचदा बेसिनच्या खड्ड्याला जास्त जवळ असते आणि तिथे नोझल बरोबर आत येतं. तेही जमत नसेल तर काउंटर पंप घ्या आणि पुढे जा.

काउंटर पंपाला हेच माप वेगळ्या पद्धतीने लागतं. बाटलीच्या पोटापासून नोझलचं टोक किती बाहेर येतं ते बघायचं. जाड गोल बाटल्यांमध्ये नोझलचं टोक जेमतेम पोटाच्या रेषेत येतं, म्हणजे बाटली कडेला अगदी चिकटवून ठेवली तरी थेंब तिच्याच अंगावर ओघळतो. उंच आणि सडपातळ बाटली, नोझल लांब आणि टोकाला खाली वळलेलं, अशी असेल तर बाटली कडेवर ठेवून टोक बेसिनवर आणता येतं. दुकानात लोक रंग बघतात, तुम्ही वरून बघा, नोझलचं टोक बाटलीच्या बाहेर निदान २-३ सेंमी दिसलं पाहिजे.

एक तिसरा प्रकार पण आहे, काउंटरला भोक पाडून वर फक्त पंपाचं नळीसारखं तोंड आणि बाटली खाली कपाटात. दिसायला सगळ्यात नीटनेटका हाच, कारण वर बाटलीच नाही, आणि नोझल लांब असल्याने थेंब बेसिनमध्येच जातो. पण काउंटरला आधीच भोक असेल किंवा नवीन काम चालू असेल तरच त्याचा विचार करा, आहे त्या दगडाला नुसतं साबणासाठी भोक पाडणं मला तरी पटत नाही.

दोन्हींचं पोट आतून कसं चालतं

हे कळलं की पुढच्या अर्ध्या तक्रारी आपोआप सुटतात. काउंटर पंपात साबण खाली असतो आणि पंप वर. डोकं वर येताना नळीतून साबण वर खेचला जातो, आत एक छोटी गोळी असते ती उचलली जाते आणि साबण वरच्या कप्प्यात शिरतो, दाबलं की गोळी खाली बसून परतीचा रस्ता बंद करते आणि साबण नोझलकडे जातो. म्हणजे कोणी दाबलं नाही तर साबण बाहेर यायचं काहीच कारण नाही. गळतं ते फक्त नोझलच्या आत अडकलेलं, शेवटचं.

भिंतीवरच्यात उलटं आहे. साबणाची टाकी वर, तोंड खाली, मध्ये सिलिकॉनची एक छोटीशी झडप. टाकीतल्या साबणाचं वजन दिवसरात्र त्या झडपेवर. झडपेच्या ओठात सुकलेल्या साबणाचा एक कण जरी अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही आणि थेंब-थेंब चालू होतं. पातळ केलेला साबण असेल तर आणखीच. अजून एक गंमत, टाकी अर्धी रिकामी असेल आणि झाकण घट्ट असेल तर वरच्या मोकळ्या जागेत हवा कोंडलेली असते, दुपारी ऊन लागलं किंवा गीझरच्या गरम पाण्याने बाथरूम तापलं की ती हवा फुगते आणि साबण खाली ढकलते. काही जण म्हणतात सकाळी गळत नाही, दुपारीच गळतो, ते खरंच असतं. अशा वेळी झडप बदलण्याआधी झाकणातलं हवेचं बारीक छिद्र साबणाने बुजलंय का ते बघा, टाचणीने मोकळं केलं की काम होतं. छिद्रच नसलेलं मॉडेल असेल तर ते उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

खर्च: बाटलीचा नाही, एका दाबाचा काढा

सगळे लोक रिफिल पाऊचची किंमत बघतात, पण एका दाबाला किती मिली जातं हे कोणी मोजत नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. मोजायला औषधाच्या बाटलीवरचं मापाचं छोटं झाकण घ्या. आधी दोन-तीनदा दाबून पंप भरून घ्या, मग झाकणात १० वेळा पूर्ण दाबा, जे येईल त्याला १० ने भागा. साबणात फेस झाला असेल तर थोडा वेळ बसू द्या, नाहीतर आकडा फुगलेला येतो. तो साबण फेकायचा नाही, परत हात धुवायलाच वापरायचा, फक्त बाटलीत परत ओतू नका.

आता एक घर धरू. चार माणसं, प्रत्येकजण दिवसातून ६ वेळा हात धुतो, म्हणजे २४ वेळा. काउंटर पंपाच्या १० दाबांना १८ मिली आलं, म्हणजे एका दाबाला १.८ मिली, आणि हे अजिबात विचित्र नाही, साध्या पंपांतून एका दाबाला १ ते २ मिली सहज येतं. २४ गुणिले १.८ म्हणजे दिवसाला ४३ मिली, महिन्याला जवळपास १.३ लिटर. २५० मिलीची बाटली सहा दिवसही पुरत नाही. भिंतीवरच्यातून १० दाबांना ८ मिली आलं, एका दाबाला ०.८, तर दिवसाला १९ मिली आणि महिन्याला साधारण ५७५ मिली. निम्म्याहून कमी. ५०० मिलीची टाकी पंचवीसेक दिवस चालते.

इथेच लोक म्हणतात बघा, भिंतीवरचा स्वस्त पडतो. थांबा जरा. ०.८ मिली कमी वाटलं म्हणून घरात सगळ्यांनी दोनदा दाबायला सुरुवात केली तर महिन्याला १.१५ लिटर लागतो, मग बचत कसली. म्हणून डिस्पेन्सर लावल्यावर आठवडाभर बघा की लोक किती वेळा दाबतात. हात आधी ओले करून मग साबण घेतला तर १ मिलीच्या आसपास भरपूर फेस होतो, कोरड्या हातावर घेतला की कमीच वाटतो आणि दुसरा दाब पडतो.

आणि हीच बचत काउंटर पंपावरही जमते, नवीन काही न आणता. पंपाचं डोकं वर असताना त्याच्या आणि झाकणाच्या मध्ये जी दांडी दिसते तिच्यावर रबरबँड गुंडाळा, किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पाइपचा छोटा तुकडा उभा कापून तिच्यावर चढवा. दांडी मग आधीपेक्षा कमी खाली जाते, १.८ चा साधारण ०.९ होतो. परत १० दाब मोजून खात्री करा. दिसायला थोडं ओबडधोबड आहे खरं, पण लहान मुलं असलेल्या घरात तर याला तोड नाही, कारण मुलं पंप म्हणजे खेळणंच समजतात.

आता गळतीचा हिशोब यात घाला. भिंतीवरच्याखाली रात्री झोपताना कोरडी वाटी ठेवा आणि सकाळी तेच मापाचं झाकण वापरून मोजा. समजा रात्रीत ५ मिली जमलं, तर नुसत्या रात्रींचा महिन्याला १५० मिली साबण गटारात गेला, वर काढलेल्या ५७५ च्या एक चतुर्थांशाहून जास्त. म्हणजे गळणारा भिंतीवरचा हा नीट चालणाऱ्या, रबरबँड लावलेल्या काउंटर पंपापेक्षा महाग पडतो.

रिफिल घेताना १०० मिलीचा दर काढा आणि त्याला एका दाबाच्या मापाने गुणा, १०० दाबांचा खर्च मिळतो, एवढंच. मोठा पॅक नेहमी स्वस्त असतो असं नाही, ऑफरमध्ये पंपासकटची बाटली पाऊचपेक्षा स्वस्त मिळालेली बघितली आहे. पाच लिटरचा कॅन घेणार असाल तर आपला महिन्याचा खप बघा, महिन्याला ६०० मिली लागत असेल तर तो आठ महिने उघडाच राहणार, तेवढी मुदत त्याच्यावर शिल्लक आहे का ते वाचा. आणि ज्या डिस्पेन्सरला फक्त त्याच कंपनीची सीलबंद पिशवी बसते, त्यात डिस्पेन्सर स्वस्त दिला जातो आणि पैसे पिशवीतून वसूल होतात, हे घेण्याआधी लक्षात असू द्या. तशा पिशवीचा एक फायदा मात्र खरा आहे, तो पुढे येतोच.

फेसवाला पंप हा वेगळा प्राणी. त्याच्यात साबणाबरोबर हवा ओढली जाते आणि दोन्ही बारीक जाळीतून बाहेर येतात, एका दाबाला द्रव साधारण ०.४ ते ०.८ मिली आणि त्यातही बराचसा भाग पाणी. म्हणून साबण खूप कमी लागतो. पण त्यात नेहमीचा घट्ट हँडवॉश ओतला की जाळी बसते, डोकं दाबलं जात नाही. नेहमीचाच वापरायचा असेल तर १ भाग हँडवॉशला ४ भाग पाणी, पाणी उकळून गार केलेलं, आणि आठवड्याभरात संपेल एवढंच. कारण कंपनीने साबण टिकावा म्हणून जे प्रिझर्वेटिव्ह घातलेलं असतं ते तुम्ही पाचपट पातळ केलंत, आता ते जंतूंना रोखेल याची काही हमी नाही.

रिफिल भरायची पद्धत, आणि वरून भर का घालायची नाही

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. डिस्पेन्सर अर्धा झाला की वरून ओतायचं, परत अर्धा झाला की परत ओतायचं, तळाचा साबण वर्षभर तिथेच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००२ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दवाखान्यांना स्पष्ट सांगितलंय की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबणाची भर घालू नका, साबण जंतूंनी दूषित होऊ शकतो. साबणात जंतू कसे वाढतील असं वाटतं, पण वाढतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतली एक प्राथमिक शाळा होती, तिथले वरून भरायचे सगळे १४ डिस्पेन्सर दूषित निघाले, आणि त्या साबणाने हात धुतल्यावर हातांवरचे एका प्रकारचे जंतू धुण्याआधीपेक्षा २६ पट झाले. त्याच शाळेत सीलबंद पिशवीवाले डिस्पेन्सर लावल्यावर ते धुतल्यानंतर निम्म्यावर आले. घरात एवढं टोकाला जाईलच असं नाही, पण बाटलीत पाणी घालून हलवायची सवय असेल तर आपण त्याच दिशेने चाललोय.

मग करायचं असं. साबण संपू द्या, तळाला राहिलेलं शेवटचं हातांनी वापरून टाका. पंप बाहेर काढा. बाटली किंवा टाकी कोमट पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवा, उकळतं पाणी नको, ॲक्रिलिकच्या टाकीला तडे जातात. पंपाची नळी कोमट पाण्याच्या ग्लासात बुडवून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत दाबत राहा, पंधरा-वीस दाब लागतात. भिंतीवरच्यात हेच टाकी पाण्याने भरून करायचं, खाली भांडं धरून. मग दोन्ही उलटे ठेवून पूर्ण सुकू द्या, नळीतलं पाणी पण, रात्रभर लागते. घाई असते म्हणून हे कोणी करत नाही, त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन बाटल्या ठेवा, एक वापरात आणि एक सुकत.

दोन वेगळ्या हँडवॉशचं मिश्रण पण टाळा. एकात जंतुनाशक म्हणून जो घटक असतो तो कधी कधी दुसऱ्याच्या फेस करणाऱ्या घटकाशी जुळत नाही आणि मग आत पांढरट दुधासारखं, कधी गाठी, आणि गाठ झडपेत जाऊन बसली की गळती. आत बघितलं तर साबण एकसारखा दिसायला हवा. ढगाळ झाला, वास बदलला किंवा अचानक पाण्यासारखा पातळ झाला तर तो हातांसाठी संपला असं समजा.

गंज कुठून येतो

गंमत अशी की गंज आणणारं मीठ साबणातच असतं. बहुतेक हँडवॉश सोडियम लॉरेथ सल्फेटवर बनतात आणि त्याला घट्टपणा आणायला साधं मीठ, सोडियम क्लोराइड, घातलं जातं. बाटलीमागची घटकांची यादी वाचा, बहुधा सापडेलच. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे, हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा फोडतं, आणि जिथे हवा पोचत नाही तिथे तो परत धरत नाही. हवा न पोचणारी आणि साबण साचणारी जागा म्हणजे कुठली? बाटलीचं बूड आणि काउंटर यांच्यामधली फट, डिस्पेन्सरची मागची प्लेट आणि टाइल यांच्यामधली फट, आणि स्क्रूचं डोकं. म्हणून गंज नेहमी तिथेच दिसतो, समोरच्या चकचकीत भागावर नाही.

घेताना चुंबक लावून बघा. ३०४ ग्रेडचं स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, वाकवलेल्या कोपऱ्यांवर किंचित ओढ जाणवेल तेवढं चालतं. चुंबक फटकन चिकटला तर ते ४३० सारखं हलकं स्टील किंवा वर क्रोमचा मुलामा दिलेलं साधं लोखंड, बेसिनजवळ दोन्ही गंजतात. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिकही भरपूर मिळतं, त्याला गंज नाही येत पण मुलामा सुटला की पापडी निघते आणि बोटाला लागते. खरं सांगायचं तर बेसिनसाठी मला साधं चांगलं प्लॅस्टिक किंवा काच जास्त भरवशाची वाटते, स्टील दिसायला भारी पण सांभाळावं लागतं.

गंजाची एक जागा बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे पंपातली स्प्रिंग. काही पंपांत ती थेट साबणात बुडलेली असते. साबणात तपकिरी कण दिसले, किंवा डोकं दाबल्यावर करकरत हळूहळू वर येऊ लागलं, की स्प्रिंग गेली. तो पंप साफ करत बसू नका, बदला. झाकणासकट नुसता पंप वेगळा मिळतो, पण बाटलीच्या तोंडाचं माप लागतं, २४ आणि २८ मिमी ही नेहमीची मापं. जुना पंप बरोबर घेऊन जाणं सगळ्यात सोपं, आणि नवीन पंपाची नळी लांब असेल तर तळाच्या मापाने तिरकी कापा, सरळ कापली तर ती तळाला चिकटून बसते आणि साबण ओढत नाही.

आधीच पडलेला तपकिरी डाग काढायला एक चमचा सायट्रिक ॲसिड अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवा, टिश्यू भिजवून डागावर पंधरा मिनिटं ठेवा, मऊ कापडाने पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. सिरॅमिक, काच आणि स्टीलवर चालतं. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडावर अजिबात नाही, ॲसिड दगडच खातं आणि डाग गेला तरी जागा पांढरट खरखरीत होते. लोखंडी घासणीही नको, तिचे कण स्टीलमध्ये रुततात आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. ब्लीच स्टीलवर वापरू नका, आणि ॲसिडबरोबर तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडची बाटली बेसिनखाली उघडी किंवा सैल झाकणाची असेल तर तिच्या वाफेनेही आसपासचं स्टील तपकिरी होतं, बरेच जण उगाच डिस्पेन्सरला दोष देतात.

भिंतीवर लावायचं ठरलंच असेल तर

आधी टेपने तात्पुरतं लावून बघा, दोन दिवस. नोझलचं टोक बेसिनच्या कडेपासून निदान १५ सेंमी वर, म्हणजे खाली हात नीट शिरतो, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. नळाच्या बरोबर वर नको. एकतर नळावर साबण ओघळतो, दुसरं म्हणजे नळाचे पाइप भिंतीतून सहसा उभे वर किंवा खाली जातात आणि ड्रिल मारताना त्यांनाच गाठ पडायची. नळाच्या आणि जवळच्या स्विचबोर्डच्या उभ्या-आडव्या रेषेत भोक पाडू नका.

चिकटपट्टीवाला घेतला तर पृष्ठभाग स्पिरिटने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नुसत्या ओल्या कापडाने नाही. पट्टी टाइलच्या मधोमध यावी, सांध्यावर आली की हवा आणि पाणी आत शिरतं. अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि साबण भरायला पुढचे २४ तास थांबा. हे थांबणं कोणाला जमत नाही आणि तिसऱ्या दिवशी डबा खाली असतो. ५०० मिली साबण म्हणजे अर्धा किलो, वर डब्याचं वजन आणि शिवाय प्रत्येक दाबाचा धक्का, एवढं सगळं त्या पट्टीला पेलायचं असतं. खरखरीत टाइल किंवा रंग दिलेल्या भिंतीवर पट्टीचा विचारच करू नका, रंगासकट निघते.

ड्रिल करायचं तर खुणेवर मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. टाइलसाठीचं भाल्यासारख्या टोकाचं बिट, ६ मिमीचं, हॅमर बंद, वेग कमी. टाइल पार झाली की मगच आतल्या विटेसाठी हॅमर चालू करा. टाइलच्या कडेला अगदी जवळ भोक घेतलं तर तडा जातो. गट्टी पूर्ण आत बसवा, टाइलमध्ये अडकून राहिली आणि स्क्रू आवळला तर ती फुगते आणि टाइल फुटते. बॉक्समध्ये आलेले स्क्रू चुंबकाने तपासा, चिकटले तर बाजूला ठेवा आणि स्टेनलेसचे आणा. भोकात सिलिकॉनचा ठिपका टाकून मग स्क्रू घाला. मागच्या प्लेटला सिलिकॉन वर आणि दोन बाजूंनी लावा, खालची बाजू मोकळी सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहते.

जागा नीट ठेवायचं काम

काउंटर पंप असेल तर त्याच्याखाली पाय असलेला किंवा खाचा असलेला ट्रे हवा, सपाट बशी नको. सपाट बशीत साबणपाण्याचं डबकं होतं आणि बाटली त्यात चोवीस तास उभी, म्हणजे वर सांगितलेली फट आपणच विकत आणली. ट्रेवर बाटली सोडून काही ठेवू नका, ब्रश, कंगवा, क्रीम आलं की ट्रे उचलून पुसला जात नाही. भिंतीवरचा लावून काउंटर मोकळा झाला की लोक तिथे दुसऱ्या चार वस्तू मांडतात, त्याला डिस्पेन्सर काय करणार.

नोझलच्या टोकाला सुकलेल्या साबणाची जी टोपी बसते ती दोन दिवसांनी ओल्या बोटाने काढा. ती राहिली की पुढच्या दाबाला साबण वाकडा, बाजूला उडतो, आरशावर किंवा शर्टावर. भिंतीवरच्याच्या तोंडाखाली आठवड्यातून एकदा गरम पाण्यात बुडवलेलं कापड मिनिटभर धरा, ओठात अडकलेलं विरघळतं. एवढं करूनही गळत असेल तर टाकी रिकामी करून झडप काढा, धुवा, तिचा ओठ प्रकाशात धरून बघा. फाटलेला किंवा ताठ झालेला दिसला तर झडप बदला. ती सुटी मिळत नसेल तर असलं मॉडेल परत घेऊ नका, कारण यात झिजणारा भाग तो एकच असतो.